व्याज प्रमाणपत्र आणि पासबुक यांत ४४,९६१ रुपयांचा फरक कुठून आला?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. तिचे एका बँकेत बचत खाते आणि तीन मुदत ठेवी होत्या. त्यांपैकी एका ठेवीची मुदत जुलै २०२५ मध्ये संपली. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी बँकेने दिलेल्या व्याज प्रमाणपत्रात १,०८,३१२ रुपये व्याज दाखवले आहे. मी पासबुकातल्या व्याजाच्या सगळ्या नोंदी जोडल्या, तर ६३,३५१ रुपयेच होतात. खात्यात न आलेल्या पैशांवर कर का भरायचा? विवरणपत्रात कोणता आकडा लिहू? ठेवींच्या पावत्या आणि पासबुकाची पाने सोबत जोडली आहेत.

उत्तर : आपण जोडलेल्या पावत्या आणि पासबुकाची पाने पाहिली. विवरणपत्रात १,०८,३१२ रुपये हाच आकडा येईल, मात्र त्याला एक अट आहे. जुलैमध्ये मुदत संपलेल्या ठेवीचे त्याआधीच्या दोन वर्षांचे व्याज आपल्या आईंनी त्या त्या वर्षीच्या विवरणपत्रात दाखवलेले असले पाहिजे. ते दाखवले नसेल तर काय करावे, हे पुढे सांगतो. त्याआधी ४४,९६१ रुपयांचा फरक रुपया न् रुपया जुळवून घेऊ, कारण फरक कशामुळे पडला हे कळल्याशिवाय दोहोंपैकी कोणताही आकडा विवरणपत्रात उचलून लिहिणे बरोबर नाही.

पासबुकात बचत खात्यात कोणत्या तारखेला किती पैसे आले आणि किती गेले, एवढेच नोंदलेले असते. व्याज प्रमाणपत्रात बँकेने १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात त्या ग्राहकाच्या नावे आपल्या वह्यांत किती व्याज लावले, ते येते. मग ते खात्यात जमा झालेले असो, ठेवीतच मुरलेले असो किंवा देणे म्हणून वेगळे काढून ठेवलेले असो. बँक हे स्वतःच्या मर्जीने करत नाही. आयकर कायद्याच्या कलम १९४ए प्रमाणे व्याज ग्राहकाच्या नावे जमा करताना किंवा प्रत्यक्ष देताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा करकपात करावी लागते, आणि ‘देय व्याज’ अशा एखाद्या खात्यात रक्कम टाकली तरी ती ग्राहकाच्या नावे जमा केली असेच धरले जाते. त्यामुळे संचयी ठेवीवरचे व्याज आपल्या हाती पाच वर्षांनी येणार असले, तरी बँक ते दरवर्षी हिशेबात घेते, त्यावर दरवर्षी करकपात करते आणि आयकर विभागाला दरवर्षी कळवते. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चा कायदाच लागू आहे, म्हणून येथे जुनीच कलमे दिली आहेत.)

आता एकेक खाते घेऊ. सुरुवात बचत खात्यापासून करतो, कारण तेथील चूक सर्वांत साधी आहे. आपल्या बेरजेत बचत खात्याचे व्याज ३,७८७ रुपये आहे. प्रमाणपत्रात ४,८८० आहे. पासबुकाच्या शेवटच्या छापील पानावर २८ मार्च २०२६ ची तारीख दिसते. ही बँक तिमाहीचे व्याज तिमाहीच्या शेवटच्या दिवशी जमा करते, म्हणजे ३१ मार्चची १,०९३ रुपयांची नोंद पासबुक छापून आणल्यानंतर पडली. ती आपल्याला दिसलीच नाही. पासबुक एप्रिलचा पहिला आठवडा उलटल्यावर छापून घ्यावे, किंवा त्यापेक्षा बरे म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या तारखा घालून खातेउतारा काढावा. काही बँका तिमाहीचे व्याज पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा करतात. तेथे १ एप्रिल २०२५ ची नोंद मागच्या तिमाहीची असते, आणि ती प्रमाणपत्रात कोणत्या वर्षात धरली आहे हे पाहूनच बेरीज करावी लागते. नाहीतर एका वर्षात पाच तिमाह्या येतात आणि दुसऱ्या वर्षात तीन.

दुसरी बाब म्हणजे पाच लाखांची, ७.२ टक्क्यांची, दर तिमाहीला व्याज देणारी, १० मे २०२४ रोजी ठेवलेली ठेव. तिचे तिमाहीचे व्याज बरोबर ९,००० रुपये होते. पासबुकात मात्र १० मे, १० ऑगस्ट, १० नोव्हेंबर आणि १० फेब्रुवारी या चारही तारखांना ८,१०० रुपयेच जमा दिसतात, आणि आपण चार वेळा ८,१०० म्हणजे ३२,४०० धरले. हे ९०० रुपये कुठे गेले? ते करकपातीत गेले. या बँकेच्या प्रणालीत टीडीएस वजा करून उरलेली रक्कम एकाच नोंदीने जमा होते. दुसऱ्या एखाद्या बँकेत ९,००० जमा आणि ९०० नावे अशा दोन ओळी दिसल्या असत्या. विवरणपत्रात नेहमी टीडीएस वजा करण्याआधीचे व्याज दाखवायचे असते, कारण कापलेला ३,६०० रुपयांचा कर आपण भरलेला कर म्हणून वेगळा मागणारच आहात. उत्पन्न ३२,४०० दाखवून ३,६०० चा करही जमेला धरला, तर तीच रक्कम दोनदा वजा होते. वेतनाच्या बाबतीत ही चूक सहसा कोणी करत नाही. व्याजाच्या बाबतीत सर्रास होते.

येथे एक शंका येऊ शकते. बँक ३१ मार्चपर्यंतचे व्याज लावते, तर १० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२६ या काळाचे व्याज प्रमाणपत्रात अधिक धरले गेले असेल का? होय, ते धरले जाते. पण १० मे २०२५ रोजी मिळालेल्या व्याजापैकी १० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५ एवढा भाग गेल्या वर्षीच्या प्रमाणपत्रात आधीच गेलेला आहे. दोन्ही बाजूंचा तुकडा सारखाच असल्याने वर्षाची बेरीज ३६,००० च राहते. ठेव वर्षाच्या मध्येच सुरू झाली किंवा संपली, तर मात्र हा तुकडा एकाच बाजूला राहतो आणि त्या वर्षी पासबुक व प्रमाणपत्र यांचा मेळ बसत नाही. आपल्या आईंच्या बाबतीत तसा फरक २०२४-२५ मध्ये पडलेला असणार.

फरकाचा मोठा भाग तिसऱ्या बाबीत आहे. आठ लाखांची, ७ टक्क्यांची, तिमाही चक्रवाढीची संचयी ठेव १ ऑक्टोबर २०२३ रोजी तीन वर्षांसाठी ठेवलेली आहे. पासबुकात तिचे व्याज म्हणून एकही ओळ नाही, आणि असणारही नाही; व्याज ठेवीच्या खात्यातच मुद्दलाला मिळत जाते. पासबुकात तिची खूण एवढीच, की वर्षभरात चार वेळा बचत खात्यातून टीडीएसच्या नावे १,५५४, १,५८१, १,६०८ आणि १,६३७ रुपये गेलेले आहेत. या ओळींकडे बहुतेक जण बँकेचे शुल्क समजून दुर्लक्ष करतात. खरे तर ज्या टीडीएसच्या समोर पासबुकात व्याजाची जमा दिसत नाही, ती ओळ आपल्याला संचयी ठेव आहे हेच सांगत असते. या चार रकमांची बेरीज ६,३८०. कपात १० टक्क्यांची असल्याने त्यामागचे व्याज साधारण ६३,८०० च्या आसपास असले पाहिजे, हे प्रमाणपत्र हातात नसतानाही सांगता येते.

नेमका आकडा स्वतः काढून पाहणेही अवघड नाही. ठेव तिमाहीच्या पहिल्याच दिवशी ठेवलेली असल्याने आर्थिक वर्षाच्या सीमा तिमाहीच्या सीमांवरच पडतात. ३१ मार्च २०२५ पर्यंत सहा तिमाह्या झाल्या होत्या आणि ठेव व्याजासह ८,८७,७६२ रुपयांवर पोचली होती. हा आकडा गेल्या वर्षीच्या शिल्लक प्रमाणपत्रात किंवा ठेवीच्या स्वतंत्र उताऱ्यात मिळतो. तेथून पुढच्या चार तिमाह्यांचे व्याज स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत निघते:

```
=887762*(1+0.07/4)^4-887762
```

उत्तर ६३,७९४ येते, आणि प्रमाणपत्रात या ठेवीसमोर हाच आकडा आहे. ठेव महिन्याच्या मध्येच कधीतरी ठेवलेली असेल, तर सुट्या दिवसांचे व्याज दिवसांच्या हिशेबाने लावावे लागते आणि आपला आकडा बँकेच्या आकड्यापासून थोड्या रुपयांनी हलतो. तेवढ्यासाठी बँकेत जाण्याची गरज नाही. फरक शेकड्यांत गेला, तर मात्र व्याजाचा दर पावतीप्रमाणेच लागला आहे का, हे आधी पाहावे. ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर नूतनीकरणाच्या वेळी लागायचा राहून गेल्याची उदाहरणे मी अनेकदा पाहिली आहेत, आणि ती सापडतात ती बहुधा अशाच ताळमेळात.

चौथी बाब म्हणजे मुदत संपलेली ठेव, आणि येथे फरक उलट दिशेने आहे. १ जुलै २०२३ रोजी दोन लाख रुपये ६.५ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी संचयी ठेवले होते. १ जुलै २०२५ रोजी पासबुकात २,२७,१६४ रुपये जमा झाले. आपण त्यातून दोन लाख वजा केले आणि २७,१६४ रुपये या वर्षीचे व्याज धरले. ठेवीची मुदतपूर्तीची रक्कम खरे तर २,२७,५२८ होती; ३६४ रुपये टीडीएस कापून उरलेले पैसे खात्यात आले. म्हणजे दोन वर्षांचे एकूण व्याज २७,५२८ रुपये. त्यापैकी जुलै २०२३ ते मार्च २०२४ या नऊ महिन्यांचे ९,९०९ रुपये २०२३-२४ च्या प्रमाणपत्रात, आणि पुढच्या पूर्ण वर्षाचे १३,९८१ रुपये २०२४-२५ च्या प्रमाणपत्रात आधीच येऊन गेले आहेत. उरलेले ३,६३८ रुपये म्हणजे एप्रिल ते जून २०२५ या एकाच तिमाहीचे व्याज, आणि या वर्षीच्या प्रमाणपत्रात तेवढेच आहे. मुदतपूर्तीच्या वेळी टीडीएस २,७५३ न कापता ३६४ च का कापला, याचेही उत्तर यातच आहे.

आता आपल्या ६३,३५१ पासून सुरुवात करून बघा. त्यात बचत खात्याची न दिसलेली शेवटची नोंद १,०९३ मिळवली. तिमाही व्याजाच्या ठेवीवर कापलेले ३,६०० आणि मुदतपूर्तीला कापलेले ३६४ परत मिळवले. बेरीज ६८,४०८ झाली. त्यातून मुदत संपलेल्या ठेवीचे मागच्या दोन वर्षांत दाखवलेले २३,८९० वजा केले, तेव्हा ४४,५१८ उरले. त्यात संचयी ठेवीचे पासबुकात न उमटलेले ६३,७९४ मिळवले, की १,०८,३१२ येतात. एक रुपयाचाही फरक राहत नाही. हा कागद जपून ठेवावा. पुढे नोटीस आलीच, तर उत्तराचे निम्मे काम त्यावर झालेले असते.

आपण विचारले आहे की खात्यात न आलेल्या पैशांवर कर का भरायचा. कायद्याचे उत्तर असे, की ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली व्याज दोन रीतींनी दाखवता येते: देय झाले त्या वर्षी, किंवा प्रत्यक्ष हाती आले त्या वर्षी. कलम १४५ ची अपेक्षा एवढीच आहे, की जी रीत धराल ती नियमितपणे धरा. म्हणजे आपल्या आई पहिल्यापासून प्रत्यक्ष मिळालेले व्याजच दाखवत आल्या असतील, तर यंदा १,०८,३१२ न दाखवता वर निघालेले ६८,४०८ दाखवणे त्यांच्या रीतीला धरून होईल. त्यात मुदत संपलेल्या ठेवीचे पूर्ण २७,५२८ येतात आणि चालू संचयी ठेवीचे काहीच येत नाही.

पण ही रीत वाटते तितकी सोयीची नाही. नियम ३७बीए प्रमाणे ज्या वर्षी उत्पन्न करपात्र होते, त्याच वर्षी त्याच्यावरच्या टीडीएसचे श्रेय मिळते. म्हणजे संचयी ठेवीवर यंदा कापलेले ६,३८० रुपये यंदा मागता येणार नाहीत. ते पुढे ओढावे लागतील आणि ठेव संपेल त्या वर्षी मागावे लागतील. आयटीआर-२ मधील टीडीएसच्या तक्त्यात मागून आणलेल्या व पुढे नेलेल्या कराचे रकाने त्यासाठीच आहेत. तीन वर्षे ही रक्कम न विसरता पुढे नेणारे करदाते मला फार थोडे भेटले. शिवाय विभागाकडे बँकेने कळवलेले व्याज जास्त आणि विवरणपत्रातील कमी, असे दरवर्षी दिसत राहते आणि त्याचा खुलासा दरवर्षी द्यावा लागतो. तिसरा तोटा असा, की पूर्ण मुदतीचे व्याज एकदम एका वर्षात येऊन उत्पन्न वरच्या टप्प्यात जाते. म्हणून ज्यांची रीत अजून ठरलेली नाही, त्यांनी प्रमाणपत्राप्रमाणे दरवर्षीचे व्याज दरवर्षी दाखवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे सोयीप्रमाणे रीत बदलणे: संचयी ठेव चालू असताना व्याज हाती आले नाही म्हणून दाखवायचे नाही, त्यावरचा टीडीएस मात्र त्याच वर्षी परत मागायचा, आणि ठेव संपली की ‘हे मागच्या वर्षांचे व्याज आहे’ असे म्हणून तेव्हाही सोडून द्यायचे. अशा वेळी ते व्याज कोणत्याच वर्षी करात येत नाही. म्हणूनच मी सुरुवातीला अट घातली. २०२३-२४ आणि २०२४-२५ ची विवरणपत्रे उघडा, ठेवींवरील व्याजाच्या रकान्यातील आकडा त्या वर्षांच्या प्रमाणपत्रांशी ताडून पाहा, आणि ९,९०९ व १३,९८१ त्यात सामावलेले आहेत का, याची खात्री करा. असतील तर यंदा ३,६३८ पुरेसे आहेत.

नसतील, तर आधी त्या वर्षी नेमके काय केले ते बघा. संचयी ठेवींचे व्याजही दाखवले नाही आणि त्यावरचा टीडीएसही मागितला नाही, असे दोन्ही वर्षी झाले असेल, तर प्रत्यक्ष मिळालेल्या व्याजाची रीत होती असे म्हणायला आधार आहे आणि २७,५२८ यंदा दाखवता येतील. टीडीएस मागितला आणि व्याज सोडले असेल, तर ते मागील वर्षांचे राहिलेले उत्पन्न आहे, आणि त्या वेळी चालू संचयी ठेवीचेही व्याज असेच राहिले असणार. त्यासाठी कलम १३९(८ए) खालील अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येते. कर आणि व्याज यांच्या रकमेवर पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के, दुसऱ्या बारा महिन्यांत ५० टक्के असा अतिरिक्त कर लागतो आणि त्यापुढे तो आणखी वाढतो. हे करण्याआधी त्या वर्षी राहिलेले उत्पन्न धरून मुळात कर निघतो का, हे पाहून घ्या. ज्येष्ठ नागरिकाचे उत्पन्न मर्यादेत असेल आणि जास्तीचा कर निघतच नसेल, तर हा मार्ग लागू होत नाही.

टीडीएसची बाजूही याच कागदावर जुळवून घ्यावी. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस कापला जात नाही, म्हणून कपातीसाठी फक्त ठेवींचे ३६,०००, ६३,७९४ आणि ३,६३८ असे १,०३,४३२ रुपये धरले गेले. ज्येष्ठ नागरिकांसाठी २०२५-२६ पासून ही मर्यादा एका बँकेमागे एक लाख आहे (इतरांसाठी पन्नास हजार). ती थोडक्यात ओलांडली गेल्याने कपात झाली, आणि झाली ती एक लाखावरच्या भागावर नव्हे, तर सर्व १,०३,४३२ रुपयांवर. पासबुकातील कपात ३,६००, ३६४ आणि ६,३८० मिळून १०,३४४ होते. दहा टक्के म्हणजे १०,३४३. वरचा एक रुपया प्रत्येक नोंद पूर्ण रुपयात केल्यामुळे आला आहे. आता आयकर विभागाकडील जमा कराचा उतारा, म्हणजे २६एएस, उघडून त्या बँकेसमोर १,०३,४३२ आणि १०,३४४ हे दोन्ही आकडे आहेत का ते पाहा. टीडीएसचा आकडा प्रमाणपत्रातून किंवा पासबुकातून नव्हे, तर २६एएस मधूनच विवरणपत्रात घ्यावा, कारण विभाग श्रेय देतो ते तेथे दिसणाऱ्या कराचेच. पासबुकात कापलेला टीडीएस तेथे नसेल, तर बँकेने तिमाही विवरणपत्रात चुकीचा पॅन घातला आहे किंवा नोंदच राहिली आहे. ते शाखेकडून लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावे लागते, आपल्याला ते परस्पर करता येत नाही.

यासाठी प्रमाणपत्र कधी काढले, हेही महत्त्वाचे असते. एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत नेट बँकिंगवरून काढलेल्या प्रमाणपत्रात काही वेळा ३१ मार्चच्या वर्षअखेरीच्या नोंदी पुऱ्या आलेल्या नसतात. चौथ्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र आणि व्याजाची माहिती बँका ३१ मेपर्यंत विभागाला देतात, आणि टीडीएसचा दाखला, म्हणजे नमुना १६ए, जूनच्या मध्यापर्यंत मिळतो. म्हणून प्रमाणपत्र जूनमध्ये पुन्हा एकदा काढून आधीच्या प्रतीशी ताडून पाहावे. आकडा बदललेला असेल तर नंतरची प्रत धरावी.

आयकर विभागाचे वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, पाहताना एक गोंधळ हमखास होतो. ठेवींचे १,०३,४३२ रुपयांचे व्याज तेथे दोनदा दिसेल: एकदा टीडीएसच्या भागात `TDS-194A` या संकेताखाली आणि एकदा `SFT-016` खाली, जेथे बचत खात्याचे ४,८८० ही असतील. ही दोन वेगळी उत्पन्ने नाहीत; बँकेने एकच व्याज दोन कायदेशीर अहवालांत कळवलेले आहे. सहसा त्याच्या सारांशात, म्हणजे टीआयएस मध्ये, ते एकदाच धरलेले असते. तसे झालेले नसेल, तर त्या ओळीवर ‘ही माहिती दुसऱ्या माहितीत समाविष्ट आहे’ या अर्थाचा पर्याय निवडून अभिप्राय द्यावा, आणि विवरणपत्रात मात्र आपल्या ताळमेळाचा आकडा भरावा. एआयएस म्हणजे विभागाला इतरांनी कळवलेली माहिती आहे. आपल्या उत्पन्नाची ती अंतिम यादी नव्हे. आपल्या आईंची एखाद्या पतसंस्थेत ठेव असेल, तर तिचे व्याज तेथे दिसले नाही तरी दाखवावेच लागेल.

हा सारा ताळमेळ आपल्या बाबतीत सुरळीत बसला, कारण चारही खाती एकाच ग्राहक क्रमांकाखाली आणि एकट्या आईंच्या नावावर आहेत. तसे नसते तेव्हा कुठे अडते, हे थोडक्यात सांगतो. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुन्या शाखेतील ठेव जुन्याच ग्राहक क्रमांकावर राहून जाते; नेट बँकिंगवरचे प्रमाणपत्र नव्या क्रमांकाचेच निघते आणि ती ठेव त्यात येत नाही. पावत्यांची संख्या आणि प्रमाणपत्रातील ओळींची संख्या मोजली की हे लगेच लक्षात येते. संयुक्त ठेवीचे सगळे व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर जाते, पैसे दुसऱ्याचे असले तरी. पैसे खरोखर वडिलांचे आणि पहिले नाव आईंचे असेल, तर टीडीएसचे श्रेय वडिलांना मिळावे, असे पहिल्या नावाच्या व्यक्तीने बँकेला लेखी कळवावे लागते.

मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीचा ताळमेळ मात्र मला स्वतःला सर्वांत किचकट वाटतो. ठेव मोडली की बँक प्रत्यक्ष राहिलेल्या काळाचा कमी दर लावते आणि बहुधा त्यातूनही दंड म्हणून थोडा दर कापते. त्यामुळे मागच्या वर्षी मूळ दराने लावलेले व्याज जास्त झालेले असते आणि यंदा ते उलटवले जाते. अशा ठेवीसमोर प्रमाणपत्रात अगदी थोडे किंवा चक्क उणे व्याज दिसू शकते, आणि मागच्या वर्षी जास्त व्याजावर कापलेला कर बँक परत देत नाही, कारण तो सरकारात भरला गेलेला असतो. शाखेकडून त्या ठेवीचा मूळ दर, लावलेला दर, उलटवलेली रक्कम आणि तिची तारीख असा लेखी तपशील घेतल्याशिवाय तेथे पासबुकावरून काहीही ठरवू नये.

विवरणपत्रात भरताना ४,८८० रुपये बचत खात्याच्या व्याजाच्या रकान्यात आणि १,०३,४३२ रुपये ठेवींच्या व्याजाच्या रकान्यात असे वेगळे लिहावेत. आई जुनी करप्रणाली निवडणार असतील, तर कलम ८०टीटीबी खाली दोन्हींवर मिळून ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. साठ वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत हा वेगळेपणा अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो, कारण तेथे ८०टीटीए ची दहा हजारांची वजावट बचत खात्याच्या व्याजापुरतीच असते. आणि पासबुकात गेल्या वर्षीच्या आयकर परताव्याची जमा असेल, तर त्यात परताव्यावरचे व्याज मिसळलेले आहे का, हे पाहावे. ते बँकेच्या प्रमाणपत्रात कधीच येत नाही. परताव्याच्या सूचनापत्रात आणि एआयएस मध्ये येते, आणि त्यासाठी विवरणपत्रात स्वतंत्र ओळ आहे.